परदेशातल्या जोडीदाराला पत्रात ‘आठवण येते’ लिहायचं, पण ओझं न टाकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकरोडला राहते, नवरा मस्कतला आहे. आमच्या दोघांची पत्रं चालतात हे ओळखीपाळखीत माहिती असल्यामुळे लोक विचारतात, कोणाची बायको जर्मनीत नर्स, कोणाचा नवरा कॅनडात, कोणाचा दुबईत. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवलंय.

रोज व्हिडिओ कॉल होतो, मग पत्रातच हा प्रॉब्लेम का येतो?

कारण पत्र लिहिणारा आणि वाचणारा एका वेळी तिथे नसतात. तुम्ही लिहिता रात्री अकराला, मुलं झोपलीयेत, लाईट मंद, एकटं वाटतंय, आणि त्या तासाभरात जे मनात असतं ते सगळं कागदावर उतरतं. सकाळी पत्र पोस्टात पडतं, युरोपात पोचायला कधी दहा दिवस लागतात, कधी तीन आठवडे. तोपर्यंत तुमचा तो मूड गेलेला असतो, तुम्ही मिसळ खाऊन आलेले असता, पिक्चर बघितलेला असतो. पण तिकडे ती ड्युटीवरून दमून येते, जिन्यातल्या पेटीतून पाकीट काढते आणि तिच्यासाठी तुमची ती रात्र तेव्हा सुरू होते.

कॉलवर तिचा चेहरा पडला की तुम्हाला दिसतं, तुम्ही लगेच म्हणता अगं तसं नाही, सहज बोललो. कागदावर हे सावरणं नाही. शिवाय पत्र परत परत वाचलं जातं, गोड वाक्य जसं दहा वेळा वाचलं जातं तसंच टोचणारंही दहा वेळा वाचलं जातं. म्हणून पत्रात भावना कमी लिहा असं मी म्हणत नाही, उलट पत्रात जेवढं मोकळं लिहिता येतं तेवढं फोनवर कधीच होत नाही. फक्त लिहिताना हे धरून चाला की वाचणारं माणूस एकटं आहे, दमलेलं आहे आणि त्या क्षणी त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नाहीये.

आठवण सांगणं आणि प्रेशर टाकणं, फरक ओळखायचा कसा?

मी एकच प्रश्न विचारते. वाक्य लिहून झालं की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, हे वाचून त्याने किंवा तिने काय करावं असं मला वाटतंय? उत्तर जर ‘काही नाही, फक्त कळावं’ असं असेल तर वाक्य बिनधास्त राहू द्या, मग ते कितीही हळवं असो. उत्तर जर ‘लगेच फोन करावा’, ‘सुट्टी काढून यावं’ असं आलं तर ती आठवण नाही, मागणी आहे, आणि मागणी वेगळी उघड करायची (खाली लिहिलंय त्यावर). आणि सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे ‘तिलाही थोडं वाईट वाटू दे’. हे स्वतःशी कबूल करायला वेळ लागतो, पण दूर राहणाऱ्या जोडप्यांच्या पत्रातली निम्मी टोचणी इथूनच येते असं माझं मत आहे. आपल्याला एकटं वाटतंय त्याचा पुरावा म्हणून समोरच्याचं वाईट वाटणं हवं असतं.

एक जोडी बघा. ‘तू गेल्यापासून या घरात कोणी हसलेलं नाही.’ आणि ‘संध्याकाळी सातला कुकर लावतो तेव्हा हात आपोआप तीन माणसांच्या भाताकडे जातो, मग मुठभर काढून ठेवतो, त्या वेळेला तुझी फार आठवण येते.’ दुसऱ्या वाक्यात आठवण जास्त आहे, कमी नाही. पण पहिल्यात ‘तू गेलीस’ हे कारण आहे आणि घराचं दुःख हा परिणाम, म्हणजे वाचणारीवर जबाबदारी आली. दुसऱ्यात एक वेळ आहे, एक जागा आहे, आणि ती आठवण तिथे येऊन तिथेच संपते. ‘कोणीच’, ‘कधीच’, ‘सगळं’, ‘तेव्हापासून’ असे शब्द आले की आठवणीला शेवट राहत नाही, वाचणाऱ्याला वाटतं हे चोवीस तास चाललंय आणि मी तिकडे नसल्यामुळे चाललंय.

एखादं खरं पत्र घेऊन दाखवाल का, काय बदलायचं ते?

दाखवते. नात्यातल्याच एका जोडप्याचं आहे, दोघांनाही विचारूनच लिहितेय, काही तपशील बदललेत. तो सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत आहे, मुलगा तिसरीत. ती नर्स, जर्मनीत स्टुटगार्टच्या जवळ. (2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून आपल्याकडे जर्मनीला जायचं बोलणं फारच वाढलंय.) तिची नर्सिंगची डिग्री तिकडे मान्य व्हायची प्रोसेस अजून चालू, तोपर्यंत सहाय्यक म्हणून काम, भाषेचा अभ्यास, शिफ्ट कधी सकाळची कधी रात्रीची. म्हणजे मध्येच सोडून येणं तिच्या हातात नाही हे दोघांनाही पक्कं माहिती होतं.

रंगपंचमीनंतर त्याने लिहिलेलं असं होतं: ‘तू गेल्यापासून घराला घरपण नाही. काल सगळे जण बायकापोरांना घेऊन रंग खेळत होते, मी आपला गॅलरीत उभा. पोराला ताप होता तेव्हा रात्रभर आई आई करत होता, मी काय सांगणार त्याला. असो. तुझं तिकडे छान चाललंय ना, बास झालं. आमचं काय, आम्ही राहतो कसंतरी. तू टेन्शन घेऊ नको.’

यात खोटं एक अक्षर नाही. त्याचं प्रेमही खरं आहे. पण ‘असो’पासून पुढचं बघा. ‘तुझं छान चाललंय ना’ म्हणजे तुझं छान आणि आमचं वाईट, अशी तुलना झाली. ‘आमचं काय’ म्हटलं की तिला कुटुंबाच्या बाहेर काढलं, इकडे आम्ही आणि तिकडे तू. आणि ‘टेन्शन घेऊ नको’ हे तर दार बंद करणं झालं, आधी टेन्शनची सगळी कारणं द्यायची आणि मग ते घ्यायची परवानगीही नाही. तापाचं तर पत्रात लिहायलाच नको होतं अशा पद्धतीने, कारण ती वाचेल तेव्हा पोरगा शाळेत खेळत असणार, पण तिला मात्र आत्ता ताप आल्यासारखं होणार. तब्येत, पैसे, शाळेतली भानगड, घरमालक, असल्या बातम्या फोनवर आणि त्याच दिवशी.

पत्र पोचल्यावर काय झालं ते महत्त्वाचं. तिने लागोपाठ फोन केले, सगळं ठीक ना, सगळं ठीक ना. मग पोरासाठी महागातले शूज पाठवले. आणि नंतर तिच्या पत्रांमधून चांगल्या गोष्टीच गायब झाल्या. वॉर्डातल्या मैत्रिणींबरोबर ती एका रविवारी फिरायला गेली होती, छान दिवस गेला होता, ते तिने लिहिलंच नाही. त्याला खूप उशिरा दुसरीकडून कळलं आणि मग तो दुखावला, की मला का नाही सांगितलं. मी म्हटलं अरे कशी सांगणार, तू गॅलरीत एकटा उभा आहेस आणि ती फिरतेय असं कसं लिहील.

मग त्याने तेच सगळं दुसऱ्यांदा लिहिलं, नवीन पत्रात. त्यातली रहाड म्हणजे आमच्या नाशिकला रंगपंचमीला लोक उड्या मारतात तो रंगाच्या पाण्याचा हौद. ते असं होतं:

‘अगं, त्या दिवसाचं नीट सांगायचं राहून गेलं. पोराला घेऊन शनी चौकात रहाड बघायला गेलो होतो. लोक धपाधप उड्या मारत होते, आमच्या दोघांच्या अंगावर गुलाबी पाणी. गर्दीत एक बाई नवऱ्याच्या डोळ्यात गेलेला रंग ओढणीने पुसत होती, ते बघितलं आणि तुझी इतकी आठवण आली की दोन मिनिटं बाजूला जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. मग याने हात ओढला, आम्ही उसाचा रस प्यायलो. घरी आल्यावर रंग निघता निघेना, तू असतीस तर सकाळीच त्याला तेल चोपडलं असतंस. पुढच्या वेळी मी चोपडेन, लक्षात ठेवलंय. तुझ्या रविवारच्या फिरण्याचं मला सगळं सांग, कोण कोण होतं, काय खाल्लं. मला ते वाचायला आवडेल.’

बघा, आठवण पहिल्या पत्रापेक्षा जास्त उघडी आहे. भिंतीला टेकून उभं राहणं हे ‘घराला घरपण नाही’पेक्षा कितीतरी जवळचं आहे, कारण ते फक्त त्याचं आहे, दुसऱ्या कोणाच्या पत्रात ते येणार नाही. पण ते दोन मिनिटांचं आहे आणि नंतर रस आहे. ‘तू असतीस तर’ हे वाक्य एरवी धोक्याचं, कारण ते ‘तू नाहीस’ असं वाचलं जातं, पण त्याच्या लगेच मागे ‘पुढच्या वेळी मी चोपडेन’ आल्यामुळे तिच्यावर काही उरत नाही. आणि शेवटी तिच्या आनंदाला जागा आहे, मागून घेतलेली.

म्हणजे प्रत्येक आठवणीनंतर काहीतरी चांगलं लिहायचंच का? खोटं वाटणार नाही?

जबरदस्तीने लिहिलं तर वाटेल. ‘तुझी आठवण येते पण मी मजेत आहे’ हे कोणालाही पटत नाही. मुद्दा गोड शेवटाचा नाही, आठवणीनंतर तुम्ही काय केलंत ते लिहायचा आहे. खरोखर काहीतरी केलेलंच असतं ना माणसाने, चहा टाकला, गाडी काढून सोमेश्वरला गेलो, झोप येईना म्हणून कपाट आवरलं, रडून झोपलो. हो, रडून झोपलो हेही चालतं. ‘रडलो आणि झोपलो, सकाळी उठून कंपनीत गेलो’ यात रडणं लपवलेलं नाही आणि वाचणारीला कळतं की हा माणूस उभा आहे. जिथे वाक्य रडण्यावरच सोडलं जातं तिथे तिच्या डोक्यात पुढचं सगळं चालू राहतं, दोन आठवडे.

आणि सगळं छानच लिहिणं हेही बरोबर नाही. 2013 मध्ये जियांग आणि हॅनकॉक या दोन संशोधकांचा एक अभ्यास आला होता, दूर राहणाऱ्या आणि जवळ राहणाऱ्या जोडप्यांच्या रोजच्या बोलण्यावर. त्यात दूर राहणाऱ्यांमध्ये मन मोकळं करणं जास्त दिसलं, आणि जोडीदाराला आहे त्यापेक्षा चांगलं समजणंही जास्त दिसलं. पहिली गोष्ट कमाई आहे, दुसरी सांभाळायची आहे, कारण फक्त छान छान पत्रं गेली की समोरच्याच्या मनात एक गुळगुळीत माणूस तयार होतो आणि एअरपोर्टवर भेटतो तो दुसराच. तुमचा कंटाळा, चिडचिड, घरातला पसारा पत्रात येऊ द्या. फक्त त्याचं कारण म्हणून समोरच्याचं नाव लावू नका.

खरंच त्याने यावं असं वाटतंय, तर ते पण लिहायचं नाही का?

लिहायचं, पण आठवणीत लपवून नाही. आठवणीच्या पोटात मागणी ठेवली की वाचणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, नाही म्हटलं तर प्रेमालाच नाही म्हटल्यासारखं होतं. मी म्हणेन ही गोष्ट फोनवरच काढावी. पत्रात काढायचीच असेल तर वेगळा परिच्छेद करा आणि तीन गोष्टी असू द्या: नेमकं काय हवंय, कधीपर्यंत ठरवायचंय, आणि नाही झालं तर तुम्ही काय करणार. ‘डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगला येता येईल का बघ, सप्टेंबरअखेर सांग म्हणजे तिकीट बघू, नाही जमलं तर मी व्हिडिओ काढून पाठवते आणि उन्हाळ्याचं ठरवू.’ हे कोरडं वाटतं लिहिताना, पण वाचणाऱ्याला याने किती हायसं होतं ते त्यांनाच विचारा.

आणि तिकडची परिस्थिती माहिती करून घ्या म्हणजे मागणी वास्तवाला धरून राहते. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम असेल तर कायद्याने वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा मिळते, बऱ्याच जागी त्याहून जास्त असते, पण हॉस्पिटलमध्ये ती कधी घ्यायची हे खूप आधी ठरतं, सगळे जण एकाच वेळी ख्रिसमसला मागतात. हे माहिती असलेली बायको ‘मनात असतं तर आला असतास’ असं लिहीत नाही.

मुलं जे बोलतात ते लिहू का? ‘बाबा कधी येणार’ वगैरे?

मुलाचं बोलणं पत्रात हवंच, बाहेर राहणाऱ्याला त्याचीच भूक असते. पण कुठलं बोलणं निवडता ते बघा. मुलगी दिवसभरात शंभर गोष्टी बोलते, त्यातली ‘बाबा कधी येणार’ हीच एक उचलून लिहिली तर तो प्रश्न मुलीचा कमी आणि आपला जास्त असतो. तिने मांजराला काय नाव ठेवलं, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला तेव्हा पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय ते बघायला जाऊया म्हणून कसा हट्ट केला, मग पुलावरून बघून काय म्हणाली, हे लिहा. तिला बाबांची आठवण आली तर तेही लिहा, पण तुम्ही तिला काय उत्तर दिलंत ते सोबत हवं. ‘विचारत होती कधी येणार, मी कॅलेंडरवर मे महिन्यावर गोल करून दिला, आता रोज बघते.’ बाबा ते वाचून रडेल कदाचित, पण कोणीतरी ते सांभाळलंय एवढं त्याला कळेल.

मुलाकडून जबरदस्तीने ‘लवकर ये’ लिहून घेऊ नका. त्याला चित्र काढायचं असेल तर चित्र, अगदी फक्त जेसीबीचं असलं तरी.

आणि सासूबाईंचे निरोप?

‘आई रोज विचारतात’ हे वाक्य आपल्याकडच्या पत्रांत फार येतं. आईंना खरंच काही सांगायचं असेल तर त्यांनाच चार ओळी लिहू द्या खाली, त्यांच्या अक्षरात. आपल्या मनातलं आईंच्या तोंडी घातलं की नवऱ्यावर दोन बायकांचं ओझं येतं आणि उत्तर कोणाला द्यायचं ते त्याला कळत नाही.

मी परदेशात आहे, मी काय लिहू? मला तर आधीच गिल्ट आहे.

हा प्रश्न इकडून येणाऱ्या प्रश्नांइतकाच येतो, आणि त्यात सगळ्यात जास्त दिसतं ते म्हणजे सारखी माफी. ‘सॉरी, मी तिथे नाही’, ‘मला माफ कर, तुझ्या एकटीवर सगळं पडलं’. एकदा लिहिलं तर ते मनाला लागतं, चांगल्या अर्थाने. प्रत्येक पत्रात आलं की नाशिकमध्ये बसलेल्या बायकोला दरवेळी उत्तरात ‘नाही रे, तसं काही नाही’ लिहावं लागतं, म्हणजे तिच्या कामात तुमची समजूत काढायचं काम वाढलं. माफीच्या जागी तिने केलेली एखादी गोष्ट नाव घेऊन लिहा. ‘गॅसची टाकी, शाळेची मीटिंग आणि बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन एकाच आठवड्यात तू उरकलंस, मी इथे रूमवर बसून ते सगळं डोळ्यासमोर आणत होतो.’ यात आठवण आहे, कौतुक आहे आणि तिला काही परत करायचं नाहीये.

दुसरं, तिकडचे हाल वाढवून लिहू नका आणि मजा लपवूही नका. काही जण मुद्दाम रडगाणं लिहितात की इकडच्यांना बरं वाटावं, मी पण सुखात नाहीये. त्याने इकडे बरं वाटत नाही, इकडे काळजी वाटते.

रात्री रडत रडत चार पानं लिहिलीत. पाठवू का?

आज नको. लिहिलंत ते चांगलं केलंत. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 पासून यावर बरंच काम केलंय, लोकांना लागोपाठ तीन-चार दिवस पंधरा-वीस मिनिटं मनात साचलेलं सगळं लिहायला सांगायचं, कोणाला दाखवायचं म्हणून नाही. अनेकांना अशा लिहिण्याचा फायदा होतो असं त्यातून दिसलं. तुमची चार पानं त्या प्रकारातली आहेत, ती तुमच्यासाठी होती. दोन दिवसांनी दिवसा वाचा आणि त्यातलं जे अजूनही खरं वाटतंय त्याखाली रेघ मारा. बहुतेक वेळा सात-आठ वाक्यं उरतात, आणि ती इतकी चांगली असतात की त्यांच्यावरच पत्र उभं राहतं. बाकीचा कागद ठेवा किंवा फाडा, पण पाकिटात घालू नका.

राग मात्र वेगळा. राग असेल, म्हणजे त्याने काही कबूल केलं आणि केलं नाही, पैसे पाठवले नाहीत, खोटं बोलला, तर तो आठवणीत मिसळू नका, सरळ कॉल लावून भांडा. आठवणीच्या आवाजात काढलेला राग म्हणजे टोमणा, आणि टोमण्याला नीट उत्तर देता येत नाही.

मला खरंच जगावंसं वाटत नाही इतकं एकटं वाटतं. हे पत्रात लिहू का?

पत्रात नको, कारण पत्र दोन आठवड्यांनी पोचेल आणि तुम्हाला माणूस आत्ता हवाय. आत्ताच फोन करा, जोडीदाराला, बहिणीला, शेजारच्या काकूंना, ज्याला लागेल त्याला. सरकारची टेलीमानस हेल्पलाईन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला सुद्धा लावा. आणि हे जर खरं नसून फक्त जोर यावा म्हणून लिहावंसं वाटत असेल तर ते वाक्य अजिबात लिहू नका, हजारो किलोमीटरवर बसलेल्या माणसाला त्याने जी भीती बसते ती पुढच्या दहा चांगल्या पत्रांनी जात नाही.

पाकिटात काही घालता येतं का?

फोटो, मुलाचं चित्र, तुमच्या हातची एखादी रेसिपी, बसचं तिकीट, पेपरचं कात्रण, हे सगळं चालतं. पानं, बिया, तुळशीची मंजिरी असलं युरोपात पाठवताना नको, वनस्पतींना तिकडे सर्टिफिकेट लागतं. पार्सलमधून पेढे किंवा तूपही नको, दुधाचे पदार्थ असे पाठवायला युरोपात बंदी आहे, मग ते अडकतं आणि तुम्हाला वाटतं पोचलं. महागडी वस्तू पत्रासोबत पाठवू नका असंही मी सांगते, कारण मग उत्तरात तिकडूनही वस्तू यायला लागतात आणि पत्र बाजूला राहतं.

किती वेळा लिहावं? त्याचं उत्तर वेळेत येत नाही तेव्हा काय करू?

ठरवून लिहा पण मोजू नका. ‘मी तीन पाठवली, तुझं एक’ हे पत्रात आलं की पुढचं पत्र तो प्रेमाने नाही, हिशोब फेडायला लिहितो, आणि ते वाचताना तुम्हालाही कळतं. मध्ये पोस्टाचा वेळ असतो, पत्रं एकमेकांना ओलांडून जातात, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात न येता त्याच्या पुढच्यात येतं. म्हणून पत्रावर तारीख घाला, आणि उत्तर लागेलच असे प्रश्न कमी ठेवा. ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल, फक्त मिळालं एवढं मेसेज कर’ असं सुरुवातीलाच ठरवून टाकलं तर दोघांचंही डोकं शांत राहतं.

तो फक्त हवामान आणि जेवणच लिहितो. त्याला आठवण येत नाही का?

त्याच्या हवामानात जरा शोधा. ‘आज इथे पाऊस, छत्री विसरलो’ असं लिहिणारा माणूस छत्री कोण आठवणीने द्यायचं ते जाणून असतो, फक्त त्याला ते वाक्य पुढे न्यायची सवय नसते. ‘तू कधीच मनातलं लिहीत नाहीस’ असं लिहून ते येत नाही, उलट तो दोन कृत्रिम ओळी चिकटवतो आणि पुढच्या वेळी पत्रच टाळतो. त्यापेक्षा छोटं, नेमकं विचारा, ज्याला एका ओळीत उत्तर देता येईल आणि नाही दिलं तरी काही बिघडणार नाही. ‘ड्युटीवरून येताना बसमध्ये कुठल्या बाजूला बसतोस? खिडकीतून काय दिसतं?’ माझ्या ओळखीतल्या एका बाईला या प्रश्नाचं उत्तर दीड पानाचं आलं. त्यात बस होती, नदी होती, आणि मध्येच एक ओळ होती की शेजारची सीट बहुतेक रिकामी असते, तिथे मी माझी पिशवी ठेवतो, तुझ्या नावाने धरून ठेवल्यासारखी. तिने त्यावर काही भाष्य केलं नाही, पुढच्या पत्रात विचारलं, पिशवीत काय काय असतं रोज.